आजारपणाच्या रजेचा मेल: मॅनेजरला किती सांगायचं?

एका मैत्रिणीने रात्री साडेदहाला मला मेलचा मसुदा पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "एकदा वाचून बघ, सकाळी पाठवायचाय." तिचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तिला तीन आठवड्यांची रजा हवी होती. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं बदलून, तो मसुदा इथे देते.

> विषय: फायब्रॉइडच्या ऑपरेशनसाठी रजा
>
> मॅडम, गेले सात-आठ महिने मला पाळीत खूप रक्तस्राव होतोय. हिमोग्लोबिन आठवर आलं होतं, सारखी चक्कर यायची, आणि म्हणूनच मागच्या तिमाहीत माझ्याकडून दोन रिपोर्ट उशिरा गेले. सोनोग्राफीत गर्भाशयात सहा सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले कॅन्सर वाटत नाही, पण गाठ तपासायला पाठवणार आहेत. पुढे मूल हवं असल्याने गर्भाशय न काढता फक्त गाठ काढायचं ठरलं आहे. सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत जोडलाय. साधारण तीन आठवडे तरी लागतील असं वाटतं. गैरसोयीबद्दल मनापासून माफी मागते. कृपया समजून घ्या.

यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. पण हा मेल वाचून त्या मॅडमना काय ठरवता आलं असतं? रजा कोणत्या तारखेपासून, ते लिहिलेलं नाही. हातातली कामं कोणी बघायची, तेही नाही. मध्ये काही अडलं तर फोन करायचा की नाही, याचाही पत्ता नाही. मॅडमना तिच्या गर्भाशयाबद्दल सगळं कळलं आणि तिच्या कामाबद्दल काहीच कळलं नाही.

मी बरीच वर्षं एचआरमध्ये, म्हणजे मनुष्यबळ विभागात, रजांचे अर्ज हाताळले आहेत. असे मेल मी शेकड्यांनी वाचले आहेत. ते लिहिणारी माणसं भोळी नसतात. आपल्यावर विश्वास बसावा म्हणून ती सगळं सांगून टाकतात. तेव्हा किती सांगायचं, हे जरा मुळापासून बघू.

## निदान आणि परिणाम

कोणत्याही आजारपणाला दोन बाजू असतात. एक म्हणजे निदान, म्हणजे शरीरात काय बिघडलं आहे आणि डॉक्टर त्याला काय नाव देतात. दुसरी बाजू परिणाम, म्हणजे त्यामुळे मला काय करता येणार नाही आणि किती दिवस.

घरातला नळ गळत असला की आपण शेजाऱ्यांना सांगतो, "उद्या दहा ते बारा पाणी बंद राहील, भरून ठेवा." कोणत्या जोडाचा वॉशर गेलाय हे प्लंबरला सांगायचं असतं. शेजाऱ्यांना ते सांगितलं तर बिघडत काही नाही, पण त्यांच्या बादल्या त्याने भरत नाहीत.

रजा मंजूर करताना मॅनेजर त्या शेजाऱ्यांच्या जागी असतो. त्याला परिणाम कळायला हवा. आपण कधीपासून नसणार, अंदाजे कधी परतणार, हातातलं काम कुठवर आलंय आणि कोणाकडे जाणार, मधल्या काळात आपल्याशी बोलता येईल की नाही, एवढं कळलं की तो पुढचं ठरवू शकतो. निदान कळल्याने यातलं एकही उत्तर बदलत नाही. फायब्रॉइड असो, हर्निया असो की गुडघ्याचं ऑपरेशन, तीन आठवडे म्हणजे तीन आठवडेच.

एक-दोन दिवसांच्या आजारात तर दोन ओळी पुरतात. "आज तब्येत बरी नाही, कामावर येऊ शकत नाही. अकराची मीटिंग उद्यावर ढकलली तर बरं होईल. उद्याचं संध्याकाळी सहापर्यंत कळवतो." जुलाब किती वेळा झाले हे कोणालाही कळायची गरज नाही.

## पुरावा वेगळा, तपशील वेगळा

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. "कंपनीला पुरावा मागायचा अधिकार आहे ना? मग सांगावंच लागणार," असं लोक म्हणतात. पुरावा मागायचा अधिकार असतो, हे खरं. पण माणूस आजारी आहे याचा पुरावा आणि त्याला काय झालंय याचा तपशील, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जर्मनीतल्या पद्धतीत हा फरक स्पष्ट दिसतो. तिथे डॉक्टर कामावर न जाण्याबद्दल जे प्रमाणपत्र देतात, त्याच्या मालकाकडे जाणाऱ्या प्रतीत आजाराचं नावच नसायचं. निदान फक्त आरोग्य विमा संस्थेच्या प्रतीत असायचं. 2023 पासून सरकारी आरोग्य विमा असलेल्यांसाठी हे काम संगणकावरून होतं, आणि मालकाला कळतं ते मुख्यतः कधीपासून कधीपर्यंत काम करता येणार नाही एवढं. ब्रिटनमध्ये सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरांचा कागद लागत नाही, कर्मचाऱ्याने स्वतः लिहून दिलं तरी चालतं.

अमेरिकेत कुटुंब आणि वैद्यकीय रजेचा जो कायदा आहे, त्याच्या नियमांत एक तरतूद आहे. मोठ्या आजारासाठी तिथे वैद्यकीय माहिती असलेला फॉर्म द्यावा लागतो आणि त्यात शंका आली तर कंपनी डॉक्टरांकडे खुलासा मागू शकते. मात्र तो एचआरने, रजा सांभाळणाऱ्याने किंवा दुसऱ्या व्यवस्थापकाने मागायचा. कर्मचाऱ्याच्या थेट वरिष्ठाने डॉक्टरांशी संपर्क करायचाच नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्याच्या हातात आपलं रोजचं काम आणि बढती आहे, त्याला आपल्या आजाराच्या तपशिलापासून लांब ठेवायचं, हा त्यामागचा विचार.

प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतात. म्हणून मेल लिहायच्या आधी आपल्या नोकरीच्या रजेच्या धोरणात तीन गोष्टी शोधा. किती दिवसांनंतर प्रमाणपत्र लागतं, ते कोणाकडे द्यायचं, आणि त्यावर आजाराचं नाव असणं खरंच सक्तीचं आहे का. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. धोरणात पुष्कळदा फक्त "नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र" एवढंच लिहिलेलं असतं, आणि बाकीचं आपण आपल्या मनाने जोडतो.

प्रमाणपत्र घेतानाच डॉक्टरांना सांगता येतं, "हे ऑफिसात द्यायचंय. फक्त वैद्यकीय कारणामुळे या तारखेपासून या तारखेपर्यंत काम करू शकणार नाही, एवढं लिहून द्याल का?" बरेच डॉक्टर तसं देतात. विचारलं नाही तर सवयीप्रमाणे आजाराचं नाव लिहून मोकळे होतात. लेटरहेडकडेही लक्ष असू द्या. कागदावर आजाराचं नाव नसलं तरी वर "मानसोपचारतज्ज्ञ" किंवा "कर्करोगतज्ज्ञ" असं छापलेलं असतं. असा कागद मॅनेजरच्या हाती जाऊ नये असं वाटत असेल, तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनी तुमचे उपचाराचे कागद पाहून दिलेलं प्रमाणपत्र चालेल का, हे एचआरला विचारून घ्या.

## मेल एका जागी राहत नाही

"माझ्या मॅनेजर खूप चांगल्या आहेत, त्या कुणाला सांगणार नाहीत." मैत्रीण हेच म्हणाली होती, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण मेल पसरायला कोणी वाईट असावं लागत नाही.

तीन आठवड्यांची रजा मॅनेजरला एकट्याला मंजूर करता येत नसेल, तर तो मेल वर पाठवतो. नव्याने टाइप करायला वेळ नसतो, म्हणून आहे तोच मेल पुढे जातो. वरचे साहेब "ओके" लिहून एचआरला पाठवतात. एचआर पगार बघणाऱ्यांना पाठवतं. काम ज्याच्याकडे सोपवायचं त्याला मॅनेजर त्याच साखळीत घेतो, कारण हँडओव्हरची यादी तिथेच आलेली असते. आता त्या सहकाऱ्याने खाली सरकवलं की सहा सेंटिमीटरची गाठ त्याच्यासमोर. चार जणांनी आपापलं काम नीट केलं आणि मेल पाचव्याकडे पोहोचला.

मी काम करत होते त्या एका ठिकाणी हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. एका मुलाने नैराश्यावरच्या उपचारांसाठी रजा मागितली होती आणि मेलमध्ये मन मोकळं केलं होतं. तो परत आला त्या दिवशी दोन जणांनी त्याला बाजूला घेऊन ध्यान करायचा सल्ला दिला. दोघांचाही हेतू चांगला होता. त्या दोघांना त्याने काहीच सांगितलं नव्हतं. दुपारी तो माझ्यासमोर येऊन बसला आणि विचारलं, "अजून किती जणांना माहीत आहे?" मला त्याला आकडा सांगता आला नाही. ती साखळी मीही पुढे पाठवली होती.

मेलच्या मजकुराशिवाय आणखी काही जागांतून माहिती बाहेर पडते. पहिली जागा म्हणजे विषयाची ओळ. ती मोबाइलच्या बंद स्क्रीनवर दिसते, आणि मीटिंगमध्ये मॅनेजरचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असताना कोपऱ्यात सगळ्यांसमोर उमटते. जोडलेल्या फाइलचं नावही तसंच. आत कोणी उघडलं नाही तरी "सोनोग्राफी" हा शब्द नावातच असतो. सामायिक कॅलेंडरवर आपणच टाकलेली "ऑपरेशन" अशी नोंद सगळी टीम बघते. रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये "कारण" नावाचा मोकळा रकाना असतो, आणि त्यात लिहिलेलं महिनाअखेरच्या एक्सेलमध्ये जसंच्या तसं उतरतं. तिथे "आजारपण" एवढा एक शब्द पुरे. रजेवर असताना आपोआप जाणाऱ्या उत्तरातही "मी वैद्यकीय रजेवर आहे" असं लिहायची गरज नाही. ते बाहेरच्या ग्राहकांनाही जातं. "मी 30 तारखेला परत येईन, तोवर अमुक यांना लिहा" एवढं चालतं.

## मसुदा पुन्हा लिहिताना

त्या रात्री आम्ही दोघी फोनवर बसलो आणि एकेक वाक्य घेतलं. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं: हे वाचून मॅडम कामाबद्दल काही वेगळं करतील का?

रक्तस्राव आणि हिमोग्लोबिन काढताना ती अडली नाही. "रिपोर्ट उशिरा गेले" या वाक्यावर मात्र अडली. तिचं म्हणणं होतं की ते कारण कळलं तर तिच्यावरचा ठपका जाईल. हे रास्त आहे, पण ती गोष्ट रजेच्या मेलची नाही. रजेच्या मेलमध्ये ते आलं की तिने स्वतःच्या हाताने "माझं काम घसरलं होतं" असं लिहून दिल्यासारखं होतं, आणि तो मेल चार ठिकाणी जाणार असतो. वार्षिक मूल्यमापनात तो मुद्दा आलाच तर तेव्हा, एचआरला सोबत घेऊन, कागदपत्रांसह सांगता येईल.

"कॅन्सर वाटत नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं. गाठ काढली की ती तपासायला जाते आणि रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. ते दिवस तिचे स्वतःचेच कठीण जाणार होते. "कॅन्सर" हा शब्द एकदा लिहिला की वाचणाऱ्याला "वाटत नाही" आठवत नाही, शब्द तेवढा आठवतो. मग काळजीपोटी फोन येतात, "रिपोर्ट काय आला?" ज्याचं उत्तर आपल्याला स्वतःलाच अजून मिळालेलं नाही, ते दहा जणांना देत बसावं लागतं.

"पुढे मूल हवं आहे" हे वाक्य तिने गर्भाशय का काढत नाही हे समजावण्यासाठी लिहिलं होतं. तो प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. पुढच्या वर्षी दोन वर्षांचं मोठं काम कोणाला द्यायचं असा विषय निघाला, तर हे वाक्य एखाद्याच्या मनात नकळत डोकावेल. तसं होणं चूक आहे, आणि बऱ्याच ठिकाणी बेकायदाही. पण ते झालं हे तिला सिद्ध करता येणार नाही.

मग राहिलं काय? "ऑपरेशन" हा शब्द ठेवायचा की नाही, यावर आम्ही बराच वेळ बोललो. सांगण्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, "वैद्यकीय कारण". दुसरी, ढोबळ प्रकार: शस्त्रक्रिया, संसर्ग, उपचार, दुखापत. तिसरी, आजाराचं नाव. पहिल्या पायरीवर सहसा थांबता येतं. पण रजा लांब असेल आणि आधीपासून ठरलेली असेल, तर दुसरी पायरी व्यवहाराला सोपी जाते. "ठरलेली शस्त्रक्रिया" म्हटलं की तीन आठवडे का, तारीख आधीच कशी माहीत, पहिला आठवडा फोन का नको, या सगळ्याचं उत्तर एका शब्दात मिळतं. तिसऱ्या पायरीवर जायचं कारण आम्हाला सापडलं नाही.

पाठवला तो मेल असा:

> विषय: रजा, 9 ते 27 तारीख
>
> मॅडम,
>
> माझी एक ठरलेली शस्त्रक्रिया आहे. त्यासाठी सोमवार, 9 तारखेपासून शुक्रवार, 27 तारखेपर्यंत आजारपणाची रजा हवी आहे. डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे सोमवारी, 30 तारखेला मी कामावर येऊ शकेन. 20 तारखेला तपासणी आहे. त्यात काही बदल झाला तर त्याच दिवशी कळवेन.
>
> महिन्याचा रिपोर्ट 6 तारखेपर्यंत पूर्ण करून देते. उरलेल्या दोन फाइली कोणाकडे द्यायच्या ते सांगितलंत, तर गुरुवारी त्यांच्यासोबत बसून समजावून देईन.
>
> 9 ते 15 तारखेला मला फोन किंवा मेल बघता येणार नाही. त्यानंतर अगदीच अडलं तर मेसेज करावा, संध्याकाळपर्यंत उत्तर देईन.
>
> वैद्यकीय प्रमाणपत्र एचआरकडे देते.

माफी काढली, कारण आजारी पडणं हा अपराध नाही. "असं वाटतं" काढून तारीख घातली. "डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे" मात्र मुद्दाम ठेवलं. दुर्बिणीतून अशी गाठ काढल्यावर बहुतेक जणी दोन ते चार आठवड्यांत कामावर येतात, पण पोट उघडावं लागलं तर जास्त वेळ लागतो, आणि तो निर्णय कधीकधी ऑपरेशनच्या टेबलावरच होतो. 20 तारखेची ओळ त्यासाठी आहे. रजा वाढली तर ती अचानक वाढल्यासारखी वाटणार नाही.

## "एवढंच लिहिलं तर संशय येणार नाही का?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकला आहे, आणि त्यात तथ्य आहे. कोरडा मेल काही जणांना खटकतो. पण माझा अनुभव सांगते. संशय येतो तो मोघमपणामुळे. "काही वैयक्तिक अडचणींमुळे काही दिवस येऊ शकणार नाही" हे वाक्य संशय जागवतं, कारण त्यात पकडायला काहीच नाही. तारखा, कामाची सोय आणि पुन्हा कधी कळवणार, हे नेमकं असलं की आजाराचं नाव नाही हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. त्या मॅडमचं उत्तर वीस मिनिटांत आलं. त्यात तब्येतीबद्दल एक आपुलकीचं वाक्य होतं आणि फाइली कोणाला द्यायच्या त्याचं नाव होतं.

मॅनेजरने समोरासमोर विचारलंच, "काय झालंय नेमकं?" तर बहुतेकदा ती माया असते. तिला मायेनेच उत्तर द्यावं. "डॉक्टरांनी नीट सगळं सांगितलंय, उपचार ठरलेत, काळजीचं कारण नाही. तपशील माझ्यापुरताच ठेवतेय, गैरसमज नसावा." बोलताना एवढं पुरतं. पुन्हा विचारलं तर हेच पुन्हा सांगायचं, नवं काही जोडायचं नाही. तिसऱ्यांदा विचारलं किंवा रजेची मंजुरी त्यावर अडवून ठेवली, तर मात्र बोलण्यावर न ठेवता एचआरला लिहा: "रजेसाठी निदान सांगणं आवश्यक आहे का? असल्यास कोणत्या नियमानुसार, आणि ते कोणाकडे द्यावं?" एवढा साधा प्रश्न लेखी गेला की आग्रह बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

आणि खरंच जवळचे संबंध असले तर? मग सांगा की. चहाच्या वेळी, दार लावून, तोंडी सांगा. तो तुमचा निर्णय आहे. फक्त मंजुरीच्या साखळीत जाणाऱ्या मेलमध्ये ते लिहू नका.

## "मग सरळ व्हायरल ताप म्हणून टाकू का?"

नको. न सांगणं आणि खोटं सांगणं यांत मोठं अंतर आहे. न सांगितल्याबद्दल सहसा कोणी कारवाई करू शकत नाही. खोटं कारण लिहून दिलं तर ती शिस्तभंगाची बाब होऊ शकते, मग आजार कितीही खरा असो.

शिवाय ते टिकत नाही. ताप म्हणून पाच दिवस मागितले, मग आणखी पाच, मग विम्याच्या दाव्यासाठी ऑपरेशनचे कागद त्याच एचआरच्या टेबलावर. मी असं एक प्रकरण पाहिलं आहे. त्या माणसाचा आजार खरा होता, खर्च खरा होता, आणि तरी चौकशी झाली ती त्याने लिहिलेल्या "ताप" या एका शब्दाची. "वैद्यकीय कारण" लिहिलं असतं तर तो शब्द शेवटपर्यंत खरा राहिला असता.

## जिथे नाव सांगायला हवं

आतापर्यंतचं सगळं एका गृहीतावर उभं आहे: आजार माझा आहे आणि परिणामही माझ्यापुरता आहे. ते गृहीत मोडलं की हिशेब बदलतो.

कांजिण्यांचं उदाहरण घ्या. अंगावर पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत देत राहतो. म्हणजे सोमवारी पुरळ उठलं, तर शनिवारी आपण ज्यांच्या शेजारी बसून काम केलं त्यांना लागण होऊन गेलेली असू शकते. त्यांना लक्षणं दिसतील ती दहा ते एकवीस दिवसांनी. शेजारी बसणारी सहकारी गरोदर असेल आणि तिला पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील, तर तिने लगेच डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण तिच्यासाठी आणि बाळासाठी हा आजार गंभीर ठरू शकतो. इथे "वैद्यकीय कारण" एवढंच लिहून थांबणं तिच्यावर अन्याय आहे. मात्र सगळ्यांना मेल करायची गरज नाही. एचआरला आजाराचं नाव आणि शेवटचा हजेरीचा दिवस सांगा, आणि विनंती करा की "त्या मजल्यावर कांजिण्यांचा संपर्क झालेला असू शकतो" असं नाव न घेता कळवावं.

दुसरी बाब सुरक्षिततेची. गाडी चालवणं, उंचीवर काम, यंत्रावर काम असं काही करणाऱ्याला फिटचा, एकदम शुद्ध हरपण्याचा त्रास सुरू झाला, किंवा झोप आणणारं औषध चालू झालं, तर ते लपवून चालणार नाही. तिथेही सांगण्याची जागा म्हणजे शक्यतो कंपनीचे डॉक्टर. ते मॅनेजरला फक्त निष्कर्ष कळवतात: कामाला योग्य, अयोग्य, किंवा अमुक मर्यादांसह योग्य. कामाच्या ठिकाणी झालेली दुखापत तर तपशीलवार आणि लवकरात लवकर लेखी कळवावी. तिथे कमी लिहिलं तर भरपाईच्या वेळी नुकसान आपलंच होतं.

## परत येताना

तिला 20 तारखेच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की 30 ला कामावर जा, पण आणखी काही आठवडे जड उचलायचं नाही. इथेही तोच फरक कामी आला. तिने मॅडमना लिहिलं: "30 तारखेला येते. पुढचे तीन आठवडे डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे, त्यामुळे स्टोअरमधल्या फाइलींचे खोके हलवण्याचं काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं. बाकी कामाला हरकत नाही." मॅडमना यातून काय करायचं ते कळलं. टाके कुठे आहेत ते कळायची गरज पडली नाही.

सोय मागायची असेल तर एवढं सांगावंच लागतं. काहीच न सांगता कोणी आपल्यासाठी काम बदलून देईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. मोठी किंवा कायमची सोय हवी असेल, म्हणजे कामाच्या वेळा बदलून हव्या असतील किंवा दर आठवड्याला उपचारांसाठी अर्धा दिवस हवा असेल, तर एचआर जास्त वैद्यकीय माहिती मागू शकतं आणि ते वाजवी आहे. तेव्हा ती माहिती एचआरला, गोपनीय म्हणून, वेगळ्या मेलमध्ये द्या. मॅनेजरला त्या मेलमध्ये प्रत पाठवू नका.

## जास्त लिहून गेलं असेल तर

हा लेख वाचेपर्यंत तुमचा मेल गेलेला असेल, तर घाबरू नका. आधी पुढची गळती थांबवा. त्याच मेलला उत्तर देऊन पुढचं काही लिहू नका, कारण जुना मजकूर खाली चिकटून जातो. तारखा आणि कामापुरता एक नवा मेल, नव्या विषयाच्या ओळीसह पाठवा आणि मॅनेजरला सांगा की मंजुरीसाठी हाच पुढे पाठवावा. कॅलेंडर आणि रजेच्या सॉफ्टवेअरमधला शब्द बदलता येत असेल तर बदला. रिपोर्ट जोडला असेल तर एचआरला विचारा की तो मेलमधून काढून वैद्यकीय कागदांच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येईल का.

ध्यानाचा सल्ला मिळालेल्या त्या मुलासाठी आम्ही उशिरा का होईना, हेच केलं. मी साखळीतल्या प्रत्येकाला वेगळं लिहिलं: "या रजेसंबंधीच्या आधीच्या मेलमध्ये वैद्यकीय माहिती आहे. कृपया तो काढून टाकावा, पुढे पाठवू नये, आणि या विषयावर संबंधिताशी त्यांनी स्वतः काढल्याशिवाय बोलू नये." पाच जणांना ते लिहिलं. चौघांनी त्याच दिवशी मेल काढल्याचं कळवलं. पाचव्याने विचारलं, "कोणता मेल?" त्याने तो उघडलाच नव्हता.